आधी आदेश, मग सुनावणी: निर्णयोत्तर सुनावणीने पूर्वसूचनेची उणीव कधी भरून निघते?

एखाद्या व्यक्तीच्या हक्कावर, मालमत्तेवर किंवा उपजीविकेवर परिणाम करणारा निर्णय घेण्यापूर्वी प्रशासनाने तिला नोटीस द्यावी आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला नियम आहे. कायद्याच्या कलमात तसे लिहिलेले नसले, तरी कायद्याने ते स्पष्टपणे किंवा ओघाने वगळलेले नाही तोवर हा नियम त्या कलमात अध्याहृत आहे असे न्यायालये मानतात. परंतु काही वेळा धोका इतका जवळ आलेला असतो की नोटीस देऊन उत्तराची वाट पाहिली, तर कारवाईचा उपयोगच उरत नाही. अशा वेळी प्रशासन आधी आदेश काढते आणि बाधित व्यक्तीला नंतर ऐकते. या नंतरच्या सुनावणीला निर्णयोत्तर सुनावणी म्हणतात.

या विषयावरच्या चर्चेत दोन निरनिराळे प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले जातात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला प्रश्न असा की, परिस्थितीच तशी असल्यामुळे पूर्वसूचना देण्याचे बंधन मुळात नव्हते का? तसे असेल, तर नंतरची सुनावणी हीच त्या प्रसंगातली योग्य सुनावणी असते आणि आदेशात पहिल्यापासून दोष नसतो. दुसरा प्रश्न असा की, पूर्वसूचना देणे आवश्यक होते, देता येणेही शक्य होते, तरी दिली नाही. तर मग नंतर सुनावणी देऊन तो दोष धुऊन काढता येतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तातडीवर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर सर्वसाधारणपणे नकारार्थी आहे, आणि त्याला जे अपवाद घडले ते विशिष्ट परिस्थितीत घडले आहेत. सरकारी वकील युक्तिवाद करताना पहिल्या प्रकारचे निकाल दुसऱ्या प्रकारच्या प्रकरणात वापरतात, म्हणून ही सीमारेषा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ही कल्पना आपल्याकडे ठळकपणे आली ती मेनका गांधी प्रकरणात. जुलै १९७७ मध्ये पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३)(क) खाली त्यांचा पासपोर्ट जप्त करण्यात आला. कारण विचारले असता सार्वजनिक हितासाठी कारणे देता येत नाहीत, असे उत्तर मिळाले. सरकारच्या बाजूने असलेली अडचण खोटी नव्हती: पासपोर्ट जप्त करणार आहोत अशी आगाऊ नोटीस दिली, तर संबंधित व्यक्ती त्याच पासपोर्टवर देशाबाहेर जाऊ शकते आणि कारवाईचा हेतूच फसतो. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेल्या निकालात या अडचणीला उत्तर दिले गेले. आगाऊ नोटीस अशक्य आहे म्हणून सुनावणीच अशक्य आहे असे होत नाही. पासपोर्ट ताब्यात घेतल्यावर लगेच त्या व्यक्तीला ऐकता येते, आणि तसे ऐकले तर सरकारचा हेतूही साधतो व न्यायही होतो. सरकारने सुनावणी देण्याचे आश्वासन न्यायालयात दिले आणि त्या आश्वासनाच्या आधारे न्यायालयाने आदेश औपचारिकपणे रद्द केला नाही.

या विषयाची खरी कसोटी मात्र स्वदेशी कॉटन मिल्स प्रकरणात लागली, म्हणून ते प्रकरण तपशिलात पाहणे उपयोगाचे आहे. या कंपनीच्या सहा कापड गिरण्या होत्या आणि त्यांपैकी एक कानपूरला होती. १३ एप्रिल १९७८ रोजी केंद्र सरकारने उद्योग (विकास व नियमन) कायदा, १९५१ च्या कलम १८एए(१)(अ) खाली आदेश काढून या सहाही गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि ते राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपवले. व्यवस्थापकांनी बेफिकीर गुंतवणुका केल्या, मालमत्तेवर बोजे चढवले किंवा निधी इतरत्र वळवला आणि त्यामुळे उत्पादनावर परिणाम होण्याजोगी परिस्थिती निर्माण झाली, तर ती रोखण्यासाठी तत्काळ कारवाई आवश्यक आहे असे सरकारचे समाधान झाल्यावर, नेहमीची चौकशी न करताही सरकार या कलमाखाली उद्योग ताब्यात घेऊ शकते. कंपनीला आदेशापूर्वी नोटीस दिली गेली नव्हती.

सरकारचा युक्तिवाद दोन पायांवर उभा होता. कलमातच ‘तत्काळ’ हा शब्द आहे, त्यामुळे संसदेने आगाऊ सुनावणी वगळली आहे, हा पहिला पाय. आणि कलम १८एफ खाली मालक नंतर अर्ज करून ताबा रद्द करण्याची मागणी करू शकतो, म्हणजे नंतरच्या सुनावणीची सोय कायद्यातच आहे, हा दुसरा. दिल्ली उच्च न्यायालयातील बहुमताला हा युक्तिवाद पटला होता.

१९८१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोनास एक अशा बहुमताने तो नाकारला. न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालातील विचार असा आहे की, तातडीलाही कमीअधिक मात्रा असते. काही प्रसंगांत एक तासही थांबता येत नाही. काहींत आठवडाभर थांबता येते. ‘तत्काळ’ हा शब्द कायद्यात आहे एवढ्याने प्रत्येक प्रसंगात सुनावणी वगळली गेली असे म्हणता येणार नाही. प्रसंगाच्या मानाने सुनावणी लहान करता येते. नोटिशीची मुदत कमी ठेवता येते, तोंडी युक्तिवादाऐवजी लेखी उत्तर मागवता येते आणि साक्षीपुरावा टाळता येतो. पण प्रसंग परवानगी देत असताना ती शून्यावर आणता येत नाही.

यानंतर न्यायालयाने हा विचार प्रत्यक्ष वस्तुस्थितीला लावून पाहिला, आणि माझ्या मते निकालातला सर्वांत शिकण्याजोगा भाग हाच आहे. कानपूरची गिरणी आदेशापूर्वी तीन महिन्यांहून अधिक काळ बंदच होती. जी गिरणी आधीच बंद आहे तिच्याबाबत नोटीस देण्याइतकाही वेळ नव्हता, हे म्हणणे टिकण्यासारखे नव्हते. उरलेल्या पाच गिरण्यांबाबत न्यायालयाने पुराव्याचे स्वरूप पाहिले. सरकारचे समाधान मुख्यत्वे कंपनीचे ताळेबंद, हिशेबाची पुस्तके आणि तत्सम कागदपत्रे यांवर आधारलेले होते. असा पुरावा नोटीस दिल्यामुळे नाहीसा होत नाही किंवा बदलता येत नाही. म्हणजे तातडीचा दावा दोन साध्या प्रश्नांवर पारखला गेला: मधल्या काळात नेमके काय बिघडले असते, आणि नोटीस दिली असती तर समोरच्याला नेमके काय लपवता किंवा मोडता आले असते? दोन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

कलम १८एफ बद्दलचे न्यायालयाचे म्हणणेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्या कलमाखाली सरकार ताबा रद्द करू शकते ते आदेशाचा हेतू पूर्ण झाला म्हणून किंवा आदेश पुढे चालू ठेवण्याची गरज उरली नाही म्हणून. आदेश निघाला त्या दिवशीच तो चुकीचा होता, हे म्हणणे मांडण्याची ती जागा नाही. त्यामुळे पुढे कुठेतरी अर्ज करता येतो, एवढ्यावरून निर्णयोत्तर सुनावणीची सोय आहे असे म्हणता येत नाही. त्या सुनावणीत मूळ निर्णयाचे बरे-वाईट उघडपणे तपासता आले पाहिजे. कायद्यात पुनर्विलोकनाची किंवा अपिलाची तरतूद आहे असे दाखवून सुटू पाहणाऱ्या उत्तरांना हा मुद्दा थेट लागू पडतो. चार्टर्ड अकाउंटंट संस्था विरुद्ध एल. के. रत्न या १९८६ सालच्या प्रकरणात, पहिल्या टप्प्यावर नाकारलेला नैसर्गिक न्याय अपिलात भरून निघतो असे गृहीत धरता येणार नाही, असेच न्यायालयाने सांगितले.

मग स्वदेशी प्रकरणात शेवटी काय झाले? नोटीस देणे आवश्यक होते आणि ती दिली नव्हती, असा निष्कर्ष निघाल्यावर आदेश रद्द होणे हा नेहमीचा मार्ग होता. परंतु महान्यायअभिकर्त्यांनी न्यायालयासमोर सांगितले की, कंपनीला आदेशाच्या योग्यायोग्यतेसह सर्व मुद्द्यांवर पूर्ण सुनावणी देण्यास सरकार तयार आहे. मेनका गांधी प्रकरणाच्या वाटेने जाऊन न्यायालयाने आदेश रद्द केला नाही आणि सरकारने कंपनीला परिणामकारक सुनावणी देऊन आपल्या निर्णयाचा फेरविचार करावा, असा निर्देश दिला. या शेवटच्या भागाचा पुढे गैरवापर होतो. कायद्याने आवश्यक असलेली नोटीस टाळली तरी नंतर ऐकले की झाले, असे तत्त्व या निकालाने घालून दिले असे सांगितले जाते. प्रत्यक्षात न्यायालयाने दोष झाल्याचे स्पष्टपणे मान्य केले आणि सरकारच्या बांधिलकीच्या आधारे उपाय तेवढा सौम्य ठेवला. दोष नाही असे म्हणणे आणि दोष असूनही विशिष्ट उपाय निवडणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. मला तर हा सौम्य उपायदेखील कंपनीवर अन्यायकारक वाटतो, कारण तोपर्यंत गिरण्या जवळपास तीन वर्षे दुसऱ्याच्या हाती राहिल्या होत्या.

या प्रकरणात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचे मत वेगळे होते. अशा तातडीच्या अधिकारात आगाऊ सुनावणी अपेक्षित नाही, असे त्यांना वाटत होते. पुढे १९८४ साली लिबर्टी ऑइल मिल्स प्रकरणाचा निकाल त्यांनीच लिहिला आणि त्यात पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे नंतरची सुनावणी केव्हा पुरेशी असते याचे, अधिक नेमके उत्तर मिळते. आयात नियंत्रण आदेशाच्या खंड ८-ब खाली एखाद्या आयातदाराविरुद्ध चौकशी चालू असताना त्याच्या परवान्यांचे अर्ज काही काळ स्थगित ठेवता येत होते. ही स्थगिती तात्पुरती असते, तिला मुदत असते आणि ती चौकशीला पूरक असते. अशा पावलापूर्वी प्रत्येक वेळी नोटीस द्यावीच असे नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण आदेश संबंधिताला कळवला पाहिजे आणि नंतर त्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असेही सांगितले. याच निकालात पुराची आणि साथीची उदाहरणे येतात: पुराने वेढलेल्या लोकांना हलवण्यासाठी वाहने ताब्यात घ्यायची असतील, तर वाहनमालकांना आधी कारणे दाखवा नोटीस देत बसता येणार नाही, त्यांना नंतर ऐकले तरी पुरे.

हे दोन्ही निकाल शेजारी ठेवले की उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होते. निर्णयोत्तर सुनावणी आगाऊ सुनावणीची जागा घेऊ शकते ती धोका खरोखर जवळ आलेला असताना आणि अगदी थोड्या मुदतीची नोटीससुद्धा हेतू फसवणारी असताना. त्यातही आदेश शक्यतो तात्पुरता असावा, मागे फिरवता येण्याजोगा असावा, आणि सुनावणी विनाविलंब मिळावी. आदेश मागे फिरवता येणे ही अट मला सर्वांत वजनदार वाटते. बँक खाते गोठवले तर ते उद्या मोकळे करता येते. परवाना निलंबित केला तर तो पूर्ववत करता येतो. पण बांधकाम पाडल्यावर मालकाला बोलावून त्याचे म्हणणे ऐकले, तर त्या ऐकण्यातून त्याला काहीच परत मिळत नाही.

काही कायद्यांनी हा समतोल स्वतःच आखून दिला आहे. सेबी कायद्याच्या कलम ११(४) खालचे अंतरिम आदेश काढण्यापूर्वी किंवा काढल्यानंतर बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २००९ च्या नियमांपैकी नियम ९ नुसार, तातडीच्या प्रसंगी संकेतस्थळावरील मजकूर सुनावणीविना रोखता येतो, पण ते प्रकरण ४८ तासांच्या आत समितीपुढे न्यावे लागते. अन्न सुरक्षा व मानके कायद्याचे कलम ३४ तर याहून बोलके आहे. लोकांच्या आरोग्याला धोका आहे म्हणून तातडीचा मनाई आदेश काढायचा असला, तरी किमान एक दिवस आधी व्यावसायिकाला नोटीस द्यावी लागते. जिथे विषबाधेची भीती आहे तिथेही कायदा एका दिवसाची सवड काढतो, हे पाहिल्यावर महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या फायलीवर अचानक उमटलेला ‘तातडी’ हा शब्द किती पोकळ असू शकतो हे कळते. कायद्याने आगाऊ नोटीस स्पष्टपणे बंधनकारक केली असेल, तर अधिकारी स्वतःच्या मर्जीने तिच्या जागी नंतरची सुनावणी आणू शकत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे टाळलेल्या नोटिशीच्या दुरुस्तीकडे, पुन्हा येऊ. १९८७ सालच्या के. आय. शेफर्ड प्रकरणात तीन खासगी बँकांचे मोठ्या बँकांत विलीनीकरण झाले आणि काही कर्मचाऱ्यांची नावे योजनेतून वगळली गेली. त्यांना आधी काहीही विचारले नव्हते. आता त्यांनी निवेदने द्यावीत, ती तपासली जातील, हा पर्याय न्यायालयाने फेटाळला. निर्णय एकदा झाला की तो टिकवण्याकडे कल असतो आणि मग निवेदनातून फारसे काही निष्पन्न होत नाही, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे एच. एल. त्रेहन प्रकरणातही, नोकरीच्या अटी कर्मचाऱ्यांना न ऐकता बदलल्या गेल्या तेव्हा, नंतर सुनावणी घेणारा अधिकारी बंद मनाने बसण्याची शक्यता असते असे न्यायालयाने नोंदवले. २०२३ मध्ये कर्जखाते ‘फसवणूक’ म्हणून वर्गीकृत करण्याच्या प्रश्नावर, स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल प्रकरणात, कर्जदाराला वर्गीकरणाआधी ऐकले पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. अशा वर्गीकरणाने कर्जाची दारे बंद होतात आणि नावाला लागलेला बट्टा नंतरच्या पत्राने पुसला जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२४ च्या निर्देशांत कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देण्यासाठी किमान २१ दिवसांची मुदत आली ती या निकालानंतर.

या सगळ्यात ‘नोटीस दिली असती तरी काय फरक पडला असता?’ हा युक्तिवादही येतो. अलीकडच्या निकालांनी त्याला काही जागा दिली आहे: वस्तुस्थिती निर्विवाद असेल आणि सुनावणी न दिल्याने प्रत्यक्ष हानी झालेली नसेल, तर केवळ औपचारिक दोषासाठी आदेश रद्द होईलच असे नाही. मात्र हा निष्कर्ष न्यायालयाने काढायचा असतो. नोटीस देण्यापूर्वीच ‘यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसणार’ असे अधिकाऱ्याने ठरवून नोटीस टाळणे, ही वेगळीच गोष्ट झाली आणि तिला या निकालांचा आधार मिळत नाही.

तातडीचा दावा खरा की ओढूनताणून आणलेला, हे बऱ्याचदा फायलीतल्या तारखांवरून कळते. समजा, एका कारखान्याची तपासणी ३ जानेवारीला झाली, अहवाल १० जानेवारीला सादर झाला, फाईल पाच आठवडे टेबलावर राहिली आणि २० फेब्रुवारीला उत्पादन बंद करण्याचा एकतर्फी आदेश निघाला. पाच आठवडे थांबू शकणाऱ्या प्रशासनाला त्यातले पाच दिवस कारखानदाराच्या उत्तरासाठी देता आले असते. याउलट ३ जानेवारीला गळती आढळली आणि त्याच संध्याकाळी बंदीचा आदेश निघाला असेल, तर न्यायालय सहसा प्रशासनाच्या बाजूने झुकेल. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे आदेशाचा मजकूर. नोटीस का देता आली नाही याचे कारण आदेशात किंवा त्या वेळच्या टिपणीत लिहिलेले हवे. मोहिंदर सिंग गिल प्रकरणातील नियमाप्रमाणे आदेशात नसलेली कारणे पुढे प्रतिज्ञापत्रातून भरून काढता येत नाहीत.

नंतरची सुनावणी झाली असली, तरी ती खरी होती का हेही तपासावे लागते. आदेश ज्या अहवालावर आधारला तो बाधित व्यक्तीला दिला गेला का, तिच्या उत्तरातील मुद्द्यांना अंतिम आदेशात सकारण उत्तर आहे का, आणि सुनावणी घेणाऱ्याला मूळ आदेश बदलण्याचा अधिकार होता का, या तीन गोष्टी पाहिल्या की बरेचसे चित्र समोर येते. अंतिम आदेश हा अंतरिम आदेशाचीच शब्दशः नक्कल असेल, तर ऐकून घेतल्याचा दावा तिथेच डळमळतो. सुनावणीची तारीख वारंवार पुढे ढकलली गेली आणि ‘तात्पुरता’ आदेश वर्षभर चालू राहिला, तर तो तात्पुरता म्हणून मिळालेली सवलत गमावतो.

ज्याच्यावर असा आदेश निघतो त्याच्यासाठी यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहते. नंतरच्या सुनावणीला गेलो, तर आपण तो दोष मान्य केला असे होईल का, अशी भीती त्याला वाटते. न गेलो, तर संधी देऊनही आला नाही असे म्हटले जाईल. यातला सुरक्षित मार्ग म्हणजे सुनावणीला जाणे, पण पहिल्याच लेखी निवेदनात नमूद करणे की, पूर्वसूचना न दिल्याबद्दलची हरकत कायम ठेवून आणि तिला बाध न येता आपण हजर राहत आहोत. त्याच निवेदनात आदेशाचा आधार असलेली कागदपत्रे मागावीत, ती मिळाल्याशिवाय उत्तर पूर्ण होऊ शकत नाही हे लिहावे, आणि आधी नोटीस मिळाली असती तर कोणती कागदपत्रे व कोणता खुलासा सादर केला असता, हे शक्य तितक्या तपशिलात मांडावे. हानी झाली की नाही हा प्रश्न पुढे न्यायालयात उभा राहिला, की हाच तपशील कामी येतो.